बग कुठे आहे, हेच कळत नाही तेव्हा

समजा, एका हाउसिंग सोसायटीच्या वेबसाइटवर खर्चाचं पान आहे. पान उघडलं की सगळ्या नोंदी तारखेप्रमाणे दिसतात. शोधाच्या रकान्यात ‘लिफ्ट’ असं टाइप केलं की लिफ्टवरचे खर्च समोर येतात, पण तारखांचा क्रम मोडलेला असतो आणि सर्वांत मोठी रक्कम वर येऊन बसते. असं व्हावं म्हणून कुणीही कोड लिहिलेला नाही. मग ते होतं कशामुळे?

अशा वेळी प्रोग्रामरच्या हाताशी तीन साधे उपाय असतात. कोडमध्ये जागोजागी `console.log` लिहून ब्राउझरच्या कन्सोलवर माहिती छापायची. किंवा डिबगरमध्ये एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून तिथे प्रोग्राम थांबवायचा आणि आत डोकावायचं. किंवा कोडचा अर्धा भाग कमेंट करून, म्हणजे तात्पुरता निकामी करून, बिघाड जातो का ते बघायचं. बहुतेक जण यातला सवयीचा उपाय उचलतात. खरं तर आपल्याला नेमकं काय ठाऊक नाही, यावर ही निवड ठरायला हवी.

पहिला संशय अर्थातच शोधाच्या कोडवर जातो. तिथे लॉग लावला तर कळतं की यादी त्या कोडच्या हाती येते तेव्हाच तिचा क्रम बिघडलेला असतो. म्हणून मागे जाऊन, सर्व्हरकडून यादी आल्या आल्या लॉग लावला:

```
console.log(items);
```

कन्सोलवर एक मिटलेली ओळ उमटते. पान पूर्ण उघडल्यावर तिच्यावर क्लिक करून ती उलगडली, तर तिथेही क्रम चुकलेलाच! आता सर्व्हरला दोष द्यायचा मोह होतो. पण ब्राउझरच्या `Network` या भागात सर्व्हरचं मूळ उत्तर पाहिलं तर तारखा अगदी जागच्या जागी आहेत.

दिशाभूल केली ती लॉगने. ब्राउझर कन्सोलवर यादीची प्रत ठेवत नाही, मूळ यादीकडे बोट दाखवतो. ओळ उलगडेपर्यंत यादी बदलली असेल, तर आपल्याला बदललेली यादी दिसते. क्रोममध्ये अशा ओळीशेजारी छोटं `i` चिन्ह असतं आणि त्यावर माउस नेला की हीच सूचना मिळते, पण तिकडे लक्ष क्वचितच जातं. उपाय सोपा आहे. वस्तू छापायची नाही, त्या क्षणीचा मजकूर छापायचा:

```
console.log(items.map(x => x.date).join(' '));
```

आता चित्र स्पष्ट होतं. यादी आली तेव्हा क्रम बरोबर होता, शोध सुरू झाला तेव्हा चूक. लॉगचं बळ यातच आहे. वेगवेगळ्या क्षणी काय होतं हे तो एका खाली एक मांडून दाखवतो आणि त्यासाठी प्रोग्राम थांबवावा लागत नाही. पण तुम्ही जे विचारलं तेवढंच तो सांगतो. दोन लॉगच्या मध्ये यादीला हात कुणी लावला, हे त्याच्याकडून कळत नाही.

मध्ये बरंच काही घडतं. या पानावर यादीखेरीज आठ चौकटी आहेत: एकूण खर्च, महिन्याचा आलेख, थकबाकी, पाच मोठे खर्च वगैरे. प्रत्येक चौकट आपली जास्तीची माहिती सर्व्हरकडून मागवते आणि ती आली की स्वतःला रंगवते. कुणाचं उत्तर आधी येईल याचा नेम नाही. इथे ब्रेकपॉइंट लावावा तर नेमका कुठे? एकापाठोपाठ चालणाऱ्या ओळी असत्या तर एका ठिकाणी थांबून `F10` दाबत पुढे सरकता आलं असतं. आठ ठिकाणी थांबायचं म्हटलं तर प्रत्येक थांब्यावर पानाचा कोड गोठतो, तेवढ्यात इतर उत्तरं येऊन रांगेत उभी राहतात आणि पुढचा घटनाक्रमच वेगळा होऊ शकतो.

म्हणून इथे तिसरा उपाय कामी येतो. घरातला एमसीबी सारखा पडत असेल तर वायरमन एकेका भागाची लाइन बंद करून बघतो, तसंच हे आहे. पाचवी ते आठवी चौकट कमेंट केली आणि क्रम सुधारला. म्हणजे कारण या चारांत आहे. त्या परत चालू करून फक्त सातवी आणि आठवी बंद केली, तर बिघाड कायम राहिला. उरल्या पाचवी आणि सहावी. सहावी बंद करताच क्रम ठीक झाला. आठ चौकटींचा निकाल तीन फेऱ्यांत लागला. चौसष्ट असत्या तरी सहा फेऱ्या पुरल्या असत्या, कारण दर फेरीला संशयित निम्मे होतात.

मात्र याला दोन अटी आहेत. बिघाड दर वेळी हमखास दिसला पाहिजे. इथे आठही चौकटी रंगण्याआधीच घाईने शोध घेतला तर क्रम बरोबर दिसेल आणि निर्दोष भागावर ठपका बसेल. म्हणून प्रत्येक फेरीत पान पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं. दुसरी अट अशी की भाग वेगळे काढता यायला हवेत. एका भागाचा निकाल दुसरा वापरत असेल तर कमेंट केल्यावर नवाच बिघाड उभा राहतो आणि मूळ शोध बाजूला पडतो. शिवाय एखादा भाग बंद केल्यावर बग गेला, एवढ्याने त्या भागातच चूक आहे असं सिद्ध होत नाही. दुसरीकडची चूक त्याच्यामुळे फक्त उघडी पडत असू शकते.

ती शंका फेडायला आता ब्रेकपॉइंट हवा, कारण आता कुठे थांबायचं ते ठाऊक आहे. सहावी चौकट ‘पाच मोठे खर्च’ची. `F12` दाबून `Sources` मध्ये तिच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायचा, `items[0]` वर नजर ठेवायची आणि एकेक ओळ पुढे जायचं. पुढच्या ओळीवर पहिली नोंद अचानक बदलते:

```
const top = items.sort((a, b) => b.amount - a.amount).slice(0, 5);
```

जावास्क्रिप्टमधलं `sort` यादीची नवी प्रत बनवत नाही, मूळ यादीच पालटून टाकतं. चौकट लिहिणाऱ्याला फक्त पाच नोंदी हव्या होत्या, पण सगळ्या पानाची सामाईक यादी रकमेप्रमाणे लागली. पडद्यावरची यादी आधीच रंगलेली असल्याने ती तशीच राहिली आणि शोधाने ती पुन्हा रंगवली तेव्हा बिघाड दिसला. `items.sort` ऐवजी `[...items].sort` लिहिलं की काम झालं. 2023च्या मानकात आलेलं `toSorted` हेच करतं.

तर काय बदललं आणि कधी, हे कळत नसेल तेव्हा लॉग. जागाच माहीत नसेल तेव्हा अर्धं-अर्धं कमेंट करणं. जागा सापडली पण कारण कळत नसेल तेव्हा ब्रेकपॉइंट. वेळेच्या गणितावर अवलंबून असलेला बग मात्र ब्रेकपॉइंटने थांबवला की बरेचदा गायबच होतो. तिथे लॉगवरच भिस्त ठेवावी आणि प्रत्येक ओळीत वेळही छापावी.

आणि सामाईक यादीला कुणीतरी हात लावतंय असा नेमका संशय आधीच आला असेल, तर या तिन्हींआधी एक ओळ लिहून बघावी: `Object.freeze(items)`. मग `sort` तिथल्या तिथे चूक दाखवून थांबतं आणि कन्सोलवर त्या ओळीचा क्रमांकही मिळतो.