अंतरपाटाचं पान

भाचीच्या लग्नाचा अल्बम छपाईला जाण्याआधी तपासताना मी अंतरपाटाच्या पानावर थांबलो. समोरासमोरची दोन पानं मिळून 36 इंच रुंद, 12 इंच उंच; घडी बरोबर 18 इंचांवर. एकच फोटो दोन्ही पानांवर पसरलेला आणि घडी नेमकी नवरीच्या डाव्या डोळ्यावरून गेलेली. पान सपाट उघडणारं असलं तरी तिथे रेघ उमटतेच, आणि चेहऱ्यावर ती लगेच खुपते.

फोटो चार इंच डावीकडे सरकवायला सांगितला. आता घडी अंतरपाटाच्या कापडावर आली. नवरा एका पानावर, नवरी दुसऱ्यावर. घडीच कामाला आली!

दुसरी अडचण मापाची. कॅमेऱ्याचा फोटो 36 इंच रुंद केला की उंची 24 इंच होते, म्हणजे निम्मा फोटो कापला जातो. इथे मामाचं डोकं उडालं होतं. फोटो थोडा खाली घेतला. खालचे पाट गेले, पण मामा राहिला.

शिवाय कोपऱ्यात हार घालतानाचा छोटा फोटो होता. अंतरपाट दूर होण्याआधीच हार? तो मी पुढच्या पानावर, मोठा करून लावायला लावला.