तीनवर एक फ्री, की सरसकट सूट?

दिवाळीच्या खरेदीत माझी बहीण चार कुर्ते घेऊन काउंटरवर आली. ‘तीनवर एक फ्री’ अशी पाटी होती. ती म्हणाली, “तीन घेतले की एक फुकट, म्हणजे तेहतीस टक्के सूट!” अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. फुकटचा नग तिनाला नव्हे, चाराला भागायचा असतो. ४० रुपयांचे चार साबण घेतले आणि पैसे तिनाचे, म्हणजे १२० रुपये दिले, तर एक साबण ३० रुपयांना पडला. सूट झाली २५ टक्के. शेजारच्या दुकानात सरसकट ३० टक्के सूट असेल, तर तोच साबण २८ रुपयांना मिळतो, आणि तोही एकच घेतला तरी!

शिवाय २५ टक्के ही या ऑफरची कमाल मर्यादा आहे. नग सारख्याच किमतीचे असतील आणि चारच्या पटीत घेतले, तरच ती गाठता येते. पाच घेतले तर पैसे चाराचे द्यावे लागतात, म्हणजे सूट २० टक्क्यांवर येते. सात घेतले तर जेमतेम १४ टक्के.

कपड्यांच्या दुकानात आणखी एक अट बारीक अक्षरांत असते: सर्वांत कमी किमतीचा नग मोफत. बहिणीच्या कुर्त्यांच्या किमती होत्या १,२००, १,०००, ९०० आणि ५०० रुपये. एकूण ३,६००. फुकट मिळणार होता तो ५०० रुपयांचा, म्हणून द्यायचे ३,१००. सूट १४ टक्क्यांहूनही कमी! त्याच रस्त्यावर दुसरीकडे सरसकट २० टक्के सूट होती. तेवढ्याच किमतीचे कुर्ते तिथे २,८८० रुपयांत मिळाले असते.

आठ नग घ्यायचे असतील, तर बिल कसं करायचं याचाही विचार करा. समजा १,२०० रुपयांचे चार आणि ४०० रुपयांचे चार कपडे आहेत. सगळे एकाच बिलात टाकले, तर बऱ्याच ठिकाणी सर्वांत स्वस्त दोन नग फुकट धरतात. वाचले ८०० रुपये. महागड्या चारांचं एक बिल आणि स्वस्त चारांचं दुसरं केलं, तर १,२०० आणि ४०० मिळून १,६०० रुपये वाचतात. दुकानदार वेगळी बिलं करू देतो का, हे पैसे देण्याआधीच विचारा.

गरज दोनच कुर्त्यांची असेल, तर सरसकट सूटच घ्यावी, ती १० टक्के असली तरी. तिथे दोन नगांवरही सूट मिळते, ‘तीनवर एक’मध्ये काहीच मिळत नाही. काउंटरवर मोबाइलमध्ये एवढंच करा: एकूण द्यायची रक्कम भागिले तुम्ही खरोखर वापरणार असलेले नग. दोन्ही दुकानांचा हा आकडा काढा आणि जो कमी येईल तिथे खरेदी करा.