निळ्या ज्योतीचा अदृश्य वायू

मुंबई बंदराच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यात, समुद्राच्या काठी उरण नावाचे गाव आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्राच्या तळाखाली खनिज तेलाचा व वायूचा मोठा साठा १९७४ साली सापडला आणि १९७६ साली तेथून तेल काढण्यास प्रारंभ झाला. त्या साठ्याला 'मुंबई हाय' म्हणतात. तेथील तेल व वायू समुद्राच्या तळाशी टाकलेल्या नळांतून उरणच्या कारखान्यात येतात. तेथे ते शुद्ध करून त्यांपासून स्वयंपाकाचा द्रवरूप वायूही वेगळा काढतात. हाच वायू टाक्यांत भरला जातो व घरोघरी चुलीखाली जळतो.

या वायूने गृहिणीचे कष्ट पुष्कळ कमी केले, यात शंका नाही. लाकडाच्या चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुंकताना डोळ्यांतून पाणी येई आणि भिंती काजळीने काळ्या होत. गॅसच्या शेगडीची ज्योत मात्र निळी व स्वच्छ असते. तिला धूर नाही, काजळी नाही. म्हणून आपण सहज समजतो की, या ज्योतीतून कोणताही अपायकारक पदार्थ बाहेर पडत नाही. हा समज पूर्णपणे खरा नाही. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड नावाचा एक वायू निर्माण होतो. तो नेहमीच्या प्रमाणात डोळ्यांना दिसत नाही आणि बहुधा त्याचा वासही जाणवत नाही. टाकीतील वायू गळू लागला म्हणजे जो उग्र दर्प येतो, तो गळती लक्षात यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा असतो. त्याचा या वायूशी काही संबंध नाही.

नायट्रोजन डायऑक्साइड येतो तरी कोठून? आश्चर्याची गोष्ट ही की, तो टाकीतून येत नाही. तो तयार होतो हवेतूनच! आपल्या सभोवतालच्या हवेत शंभर भागांपैकी सुमारे ७८ भाग नायट्रोजन, म्हणजे नत्रवायू, आणि २१ भाग प्राणवायू असतो. हे दोन्ही वायू एकमेकांच्या शेजारी राहूनही सहसा संयोग पावत नाहीत. परंतु पुष्कळ उष्णता मिळाली की त्यांचा संयोग होतो. पावसाळ्यात आकाशात वीज चमकते, तेव्हा तिच्या मार्गातील हवा अतिशय तापते आणि तेथे हे दोन वायू एकत्र येतात. शेगडीच्या ज्योतीतही तसेच घडते. ज्योतीचा सर्वांत उष्ण भाग सुमारे १९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या तापात नायट्रोजनचा एक अणू व प्राणवायूचा एक अणू मिळून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. त्याला प्राणवायूचा आणखी एक अणू मिळाला की नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. काही भाग ज्योतीच्या थंड कडेलाच बनतो, तर काही खोलीतील हवेत हळूहळू बनतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, इंधन कितीही शुद्ध असले तरी, ज्योत आहे आणि हवा आहे तोवर हा वायू थोडाबहुत होणारच. दुसरी, ज्योत पिवळी झाली की काजळी व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो, म्हणून शेगडीची छिद्रे साफ करून ज्योत निळी ठेवणे आवश्यकच आहे. पण निळी ज्योत म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड नाही, असे मात्र नव्हे. विजेच्या शेगडीत ज्योतच नसते. त्यामुळे तिच्यापासून हा वायू होत नाही.

हा वायू पाण्यात लवकर विरघळत नाही. म्हणून तो नाकातील व घशातील ओलाव्यात अडकून न राहता फुप्फुसांच्या आतल्या बारीक नलिकांपर्यंत पोहोचतो. तेथील ओलाव्याशी त्याचा संबंध येऊन तीव्र पदार्थ तयार होतात आणि नलिकांचे नाजूक अस्तर सुजते. ज्यांना दमा आहे, त्यांच्या नलिका आधीच हळव्या असतात. त्यांना धाप लागणे किंवा छातीत घरघर होणे हा त्रास वाढतो. लहान मुले आपल्या शरीराच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा अधिक हवा आत घेतात, म्हणून त्यांनाही तो अधिक बाधतो. इंग्लंड व स्कॉटलंडमधील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी १९७७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घरी गॅसवर स्वयंपाक होई, त्या मुलांमध्ये खोकला व छातीचे विकार विजेवर स्वयंपाक होणाऱ्या घरांतील मुलांपेक्षा अधिक आढळले. पुढे झालेल्या सगळ्याच पाहण्यांत हा संबंध सारखा दिसला नाही. परंतु दमा असलेल्यांनी या वायूपासून जपावे, याविषयी मतभेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एका तासासाठी घालून दिलेली मर्यादा एक घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम एवढी आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बंद स्वयंपाकघरात दोन शेगड्या बराच वेळ पेटल्या, तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, उरणमधील एका घराचे स्वयंपाकघर ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद व २.८ मीटर उंच आहे. त्यात २१ घनमीटर हवा मावते. आषाढातला मुसळधार पाऊस पडत आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाणी आत शिरू नये म्हणून खिडकी बंद केली आहे. एका शेगडीवर भात शिजत आहे आणि दुसरीवर मासळीचे कालवण. दाराच्या फटींतून थोडी हवा येते व जाते. तिने तासाभरात खोलीतील हवेइतकी हवा एकदा बदलते, असे धरू. शेगडी विझवल्यानंतर अशा खोलीतील वायू निम्मा होण्यास सुमारे ४२ मिनिटे लागतात. म्हणजे जेवणे उरकून भांडी घासून होईपर्यंतही पुष्कळ वायू आत रेंगाळतो.

आता भिंतीच्या वरच्या भागात हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, असे समजा. तो प्रत्यक्षात ताशी २१० घनमीटर हवा बाहेर टाकतो. म्हणजे खोलीतील हवा तासाला दहा वेळा बदलते. तोच वायू आता सुमारे चार मिनिटांत निम्मा होतो, आठ मिनिटांत पाव उरतो आणि सोळा मिनिटांत सोळावा भाग उरतो. स्वयंपाक चालू असतानाही खोलीत साचणारा वायू अगोदरच्या मानाने सुमारे दहाव्या भागावर येतो. भिंतीही थोडा वायू शोषून घेतात; तो भाग या हिशेबात धरलेला नाही. या हिशेबातून एक व्यावहारिक नियम निघतो: पंखा शेगडी पेटवण्याबरोबर सुरू करावा आणि शेगडी विझवल्यावरही पंधरा मिनिटे चालू ठेवावा.

परंतु पंखा लावला म्हणजे काम झाले, असे नाही. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी दुसरीकडून आत यावी लागते. सर्व दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा फारशी हलत नाही. उलट, पंख्याला लागूनच खिडकी उघडी असेल, तर तिच्यातून आलेली हवा लगेच पंख्यातून बाहेर जाते आणि शेगडीवरचा वायू जेथल्या तेथे राहतो. म्हणून पंख्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. हवा मग शेगडीवरून वाहत पंख्याकडे जाते.

शेगडीच्या वर बसवलेली चिमणी याहून थोड्या वेगळ्या रीतीने काम करते. ज्योतीवरून उठणारी तप्त हवा सरळ वर जाते. चिमणी तिला खोलीभर पसरण्यापूर्वीच पकडते. ज्योतीपासून निघालेल्या वायूच्या शंभर भागांपैकी साठ तिने पकडले, तर खोलीत फक्त चाळीसच मिसळतात. मात्र हे पकडणे सर्व चिमण्यांचे सारखे नसते. चिमणी शेगडीएवढी रुंद असावी, म्हणजे कडेच्या बर्नरची तप्त हवा निसटत नाही. ती फार उंच बसवली तरीही हवा वाटेतच पसरते. म्हणून साधारणपणे शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटीमीटर उंचीवर ती बसवतात. ज्या शेगडीला मागच्या बाजूला बर्नर असतो, तेथे मोठे भांडे मागेच ठेवावे; कारण पुढच्या बर्नरची हवा चिमणीच्या कडेबाहेर जाण्याचा संभव अधिक असतो.

चिमणी घेताना एक गोष्ट विशेष पाहावी लागते. काही चिमण्यांना बाहेर जाणारी नळीच नसते. त्या हवा ओढून घेतात, जाळीतून गाळतात व पुन्हा खोलीतच सोडतात. जाळी तेलाचे तुषार अडवते. पण नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू असल्याने तो जाळीतून निघून जातो. कोळशाचा थर असला तर तो काही वायू शोषतो, पण थोड्याच काळात तो निकामी होतो. म्हणून नळी घराबाहेर गेलेली असावी, ती आखूड असावी आणि तिला वळणे कमी असावीत. जाळीवर फोडणीचे तेल साचले की हवेची वाट अडते; म्हणून ती वेळोवेळी धुवावी.

चिमणी किंवा पंखा खरोखर हवा ओढतो की नाही, हे सहज तपासता येते. शेगडी विझलेली असताना घरातील मोठ्या माणसांना सोबत घेऊन पातळ कागदाचा तुकडा चिमणीच्या जाळीखाली धरावा. तो वर खेचला जाऊन जाळीला चिकटला, तर ओढ चांगली आहे. तो नुसता थरथरला, तर जाळी तुंबलेली असावी किंवा आत येणारी हवा अपुरी असावी. खिडकी उघडून पुन्हा पाहिले की कारण कोणते, हे कळते. खोलीत हा वायू किती आहे, हे मात्र कागदाने कळत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ एका टोकाला बंद असलेली छोटी नळी खोलीत टांगतात. नळीच्या बंद टोकाशी विशिष्ट रसायन लावलेली जाळी असते. ती हा वायू धरून ठेवते. काही दिवसांनी नळी प्रयोगशाळेत नेऊन, जाळीने किती वायू धरला ते मोजतात.

उरणच्या रस्त्यांवर बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारींची मोठी वर्दळ असते. त्यांच्या धुरातही हाच वायू असतो. मग बाहेरची हवा आत घेऊन काय साधले, अशी शंका येईल. बाहेरच्या मोकळ्या हवेत वायू दूरवर पसरून विरळ होतो. बंद स्वयंपाकघरात तो काही घनमीटर हवेतच कोंडलेला असतो. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी आतली हवा बाहेर जाणे बहुधा हिताचेच ठरते. खिडकी रस्त्याकडे व दुसरी समुद्राकडे असेल, तर समुद्राकडची उघडावी.

स्वाध्याय

१. नायट्रोजन डायऑक्साइड टाकीतील वायूतून येत नाही, असे का म्हटले आहे?

२. पंख्याला लागून असलेली खिडकी उघडी ठेवल्यास काय होते?

३. नळी नसलेली चिमणी तेल अडवते, पण हा वायू अडवत नाही. कारण सांगा.

४. आपल्या स्वयंपाकघराची लांबी, रुंदी व उंची मोजा. तेथील हवा तासाला दहा वेळा बदलण्यासाठी पंख्याने ताशी किती घनमीटर हवा बाहेर टाकली पाहिजे, ते काढा.