लिहून देणार आणि लिहून घेणार

अर्ज लिहिला, लिहून दिला, लिहून घेतला, लिहून टाकला. मराठी कानाला या चार निराळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत उतरवताना मात्र पुष्कळदा चारही ठिकाणी ‘रोट’ एवढेच येते. लिहिणे तेवढे राहते. ते कोणासाठी, कोणाकडून आणि कोणत्या मनाने झाले, ते गळून जाते.

आता असे पाहा. ‘मास्तरांनी म्हातारीला अर्ज लिहून दिला.’ लिहिणारे मास्तर, पण काम म्हातारीचे झाले. इंग्रजीत इथे ‘फॉर हर’ हवेच. हेच उलट बाजूने सांगायचे, तर ‘म्हातारीने मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला.’ म्हातारीने लेखणीला हातही लावलेला नाही. म्हणून ‘शी रोट’ चूक, ‘शी गॉट इट रिटन’ बरोबर. पण ‘मास्तरांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं’ म्हटले, की लिहिणारे पुन्हा मास्तरच! इथे ‘टुक डाउन’ म्हणावे लागेल. तेव्हा ‘घेणे’ दिसले, की आधी ‘कडून’ शोधावे.

हा भेद नुसता व्याकरणाचा नाही. खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष असतात. लिहून देणार म्हणजे मजकूर लिहिणारा कारकून नव्हे. घर किंवा जमीन विकणारा. लिहून घेणार तो विकत घेणारा. गहाणखतात मात्र लिहून देणार हा कर्ज काढणारा असतो. दोन्हीकडे सूत्र एकच: जो स्वतःला बांधून घेतो, तो लिहून देतो. भाषांतरकाराने त्याला ‘रायटर’ म्हटले, तर जबाबदारी भलत्याच माणसाच्या गळ्यात पडेल. ‘एक्झिक्यूटंट’ म्हणावे, किंवा दस्त पाहून ‘व्हेंडर’, ‘मॉर्गेजर’ असे नेमके नाव द्यावे.

‘टाकणे’ची जात वेगळी. ‘अर्ज लिहून टाकला’ यात दुसरा कोणी नाही. आहे ती एकदाची मोकळीक. इंग्रजीत ‘गॉट इट ओव्हर विथ’ जवळचे. ‘घर विकून टाकलं’ला ‘सोल्ड ऑफ’ चालेल, आणि ‘मनातलं बोलून टाकलं’ला, विचार न करता बोलला असेल तर, ‘ब्लर्टेड आउट’. एकच ठरीव शब्द मिळणार नाही; मागचापुढचा संदर्भ पाहावा लागतो.

एक सोपी कसोटी सांगतो. वाक्य नकारार्थी करून पाहा. ‘त्यांनी मला अर्ज लिहून दिला नाही’ हे आपण सहज बोलतो. ‘मी अर्ज लिहून टाकला नाही’ असे सहसा कोणी म्हणत नाही; ‘लिहिला नाही’ म्हणतो. कारण उघड आहे. ‘देणे’ वाक्यात आणखी एक माणूस आणते, आणि नकारातही तो उरतो. ‘टाकणे’ कामाला केवळ हातावेगळे झाल्याचा रंग देते. कामच झाले नाही, तर रंग कशाला चढणार? म्हणून इंग्रजीत ‘देणे-घेणे’साठी माणूस शोधावा आणि ‘टाकणे’साठी मनःस्थिती.