खरवड कोठून घ्यावी?

गेल्या भाद्रपदात बाजाराच्या दिवशी एक मावशी आमच्या दवाखान्यात आल्या. कमरेला, लुगड्याची गाठ बसते तेथे, तळहाताएवढा चट्टा होता. गावात कोणीतरी "हा कुष्ठरोग" असे म्हटले आणि घरात त्यांचे ताट-वाटी वेगळे झाले. डॉक्टरांनी तपासले, तर चट्टा बधिर नव्हता आणि नसाही जाड झालेल्या नव्हत्या. नायटा असावा असे वाटून त्यांनी खरवड तपासायला माझ्याकडे पाठवले. मी काचपट्टी पाहिली आणि "बुरशी आढळली नाही" असे लिहून दिले. तो अहवाल चुकीचा होता, आणि चूक माझी होती.

ही तपासणी तशी साधी आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचेच्या मेलेल्या पेशी विरघळवून पारदर्शक करते. बुरशीच्या भिंती मात्र त्याला दाद देत नाहीत, म्हणून त्या उरतात आणि दिसतात. त्वचेसाठी आम्ही १० टक्के द्रावण ठेवतो. १० ग्रॅम गोळ्या थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात हळूहळू सोडायच्या आणि विरघळल्यावर पाणी घालून १०० मिली करायचे. गोळ्या विरघळताना पाणी चांगलेच तापते आणि अंगावर उडाले तर भाजते, म्हणून हातमोजे हवेत. बाटली प्लास्टिकची घ्यावी, कारण हे द्रावण काचेला खाते.

माझी चूक मात्र द्रावणात नव्हती. नायटा मध्यापासून बाहेर पसरतो. मधला भाग बरा होत आलेला असतो आणि जिवंत बुरशी कडेला, लालसर उंचवट्यावर असते. मावशींच्या चट्ट्याच्या मध्यावर खपली सैल होती, सहज निघाली, म्हणून मी तेथलीच घेतली. शिवाय त्यांनी बाजारातून आणलेले मलम महिनाभर लावले होते. त्यात स्टिरॉइड असल्याने कडेची लाली ओसरून गेली होती आणि कड शोधावी लागत होती. मी ती शोधली नाही.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, तेव्हा चट्टा पोटापर्यंत सरकला होता. या वेळी मी त्यांना उजेडात बसवून कडेवरून बोट फिरवले, तेव्हा उंचवटा लागला. मलमाचे तेलकट थेंब भिंगाखाली फसवतात, म्हणून आधी स्पिरिटने पुसून जागा कोरडी होऊ दिली. मग ब्लेडच्या बोथट बाजूने, रक्त न काढता, बाहेरच्या दिशेने खरवडले. कोंडा थेंबभर द्रावणात ठेवला, वर कव्हरस्लिप टाकली, ज्योतीवरून पट्टी एकदोनदा फिरवली. उकळू द्यायचे नाही, नाहीतर स्फटिक बनतात आणि काही कळत नाही. मग पंधरा मिनिटे थांबून टिपकागदाने हलके दाबले.

पाहताना उजेड कमी करावा, डायफ्रॅम अर्धा मिटावा. भरपूर उजेडात बुरशी विरून जाते. आधी १० च्या भिंगाने सारी पट्टी फिरायची, संशय आला की ४० चे लावायचे. बुरशीचा तंतू एकसारख्या जाडीचा असतो, त्याला आडव्या भिंती असतात, फांद्या फुटतात, आणि तो पेशींच्या सीमा ओलांडून सरळ पुढे जातो. कधी तो तुटून चौकोनी मण्यांची माळ होते. नवशिक्याला पेशींच्या कडांची जाळी हमखास बुरशी वाटते, पण ती रेष पेशीला वळसा घालते, ओलांडत नाही. कापसाचा धागा जाडजूड, पिळलेला, टोकाशी विस्कटलेला असतो. शेवयांचे तुकडे आणि शेजारी बुंदीचे घोस असे दिसले तर ते शिबे, नायटा नव्हे.

मावशींच्या दुसऱ्या पट्टीवर पहिल्याच नजरेत तंतू दिसले, तेही भरपूर. स्टिरॉइडने लाली दबते, बुरशी उलट पोसली जाते.

नखाचे काम जास्त चिकाटीचे. वरचा पातळ तुकडा कापून आणला तर बहुधा काही मिळत नाही. नखाखालचा भुसा, तोही जितका आत जाता येईल तितक्या आतून घ्यावा. सगळ्यात बाहेरचा टाकून द्यावा, त्यात धूळ आणि बाहेरचे जंतू असतात. द्रावण २० टक्के किंवा त्याहून कडक लागते, आणि जाड नख असेल तर लहान नळीत रात्रभर भिजवावे लागते. नखाचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते, म्हणून एका नकारार्थी पट्टीवर मी हल्ली थांबत नाही, पुन्हा नमुना मागते. बुरशीची नेमकी जात मात्र या तपासणीत कळत नाही, त्यासाठी कल्चर लागते.

डॉक्टरांनी ते मलम बंद करून बुरशीचे औषध दिले. सूनबाईंना बोलावून घेतले, तर त्यांच्याही मांडीवर तसलेच वर्तुळ होते. त्याची खरवड मी कडेवरून घेतली. तंतू मिळाले. मी दोघींना आळीपाळीने भिंगातून पाहायला लावले. सूनबाई बराच वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग सासूबाईंचं ताट वेगळं कशाला?"