बिल चुकलं, आणि गेलंही

ठाण्यातल्या एका एसी दुरुस्ती व्यावसायिकाचं उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या कार्यालयातल्या ६० एसींची सर्व्हिसिंग झाली. ठरलेला दर यंत्रामागे ७५० रुपये होता, पण बिल करताना जुन्या फाइलमधला ८५० हा आकडा तसाच राहिला. ४५,००० ऐवजी ५१,००० रुपयांचं बिल तयार झालं, त्यावर १८ टक्के जीएसटी लागला आणि २८ ऑगस्टला ६०,१८० रुपयांचं ११८ क्रमांकाचं बिल ईमेलने गेलंही. बरोबर रक्कम ५३,१०० रुपये होती, म्हणजे ७,०८० रुपये जास्त लागले.

अशा वेळी बहुतेक जण संगणकातली फाइल उघडतात, दर दुरुस्त करतात आणि ११८ याच क्रमांकाचं, त्याच तारखेचं बिल ‘रिवाइज्ड’ म्हणून पुन्हा पाठवतात. खरा गोंधळ सुरू होतो तो इथूनच. पहिलं बिल बहुधा ज्याने काम दिलं त्या व्यवस्थापकाकडून अकाउंट्स विभागात पोहोचलेलं असतं. दुसरं त्याच्या इनबॉक्समध्येच पडून राहतं किंवा अकाउंट्समध्ये वेगळ्याच माणसाच्या हाती पडतं. एकाच क्रमांकाची दोन बिलं आणि रक्कम मात्र वेगळी, हे लक्षात आलं की बिल पास करणारा माणूस दोन्ही बाजूला ठेवतो. पैसे अडकतात, आणि ते का अडकले हे कळायलाच पंधरा दिवस जातात.

यात कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. जीएसटी कायद्यात ‘सुधारित इन्व्हॉइस’ आहे, पण तो अशा चुकांसाठी नाही. नोंदणी लागू झाल्याची तारीख आणि प्रमाणपत्र हाती पडल्याची तारीख यांच्यात जी विक्री झाली, तिच्यासाठी नवा नोंदणीधारक एका महिन्याच्या आत तो काढू शकतो. एरवी काढलेल्या बिलाची रक्कम जास्त असेल तर क्रेडिट नोट आणि कमी असेल तर डेबिट नोट, हा कलम ३४ने दिलेला मार्ग आहे. बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षात एकदाच वापरायचा असतो. त्यामुळे तोच क्रमांक घालून दुसरं बिल काढणं ही मुळात दुरुस्तीच होत नाही.

आता पुढे काय करायचं हे चूक कधी लक्षात आली यावर ठरतं.

समजा ती दोनच दिवसांत, ३० ऑगस्टला सापडली. बिल अजून कुठल्याही विवरणपत्रात गेलेलं नाही, ग्राहकाने ते वह्यांमध्ये घेतलेलं नाही आणि पैसेही दिलेले नाहीत. मग सरळ ११८ रद्द करावं आणि ११९ क्रमांकाचं नवं बिल काढावं. रद्द केलेलं बिल मात्र फाइलमधून पुसून टाकायचं नाही. त्यावर ‘रद्द’ असं लिहून ते ठेवायचं, कारण जीएसटीआर-१ मध्ये महिन्याभरात कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बिलं निघाली आणि त्यातली किती रद्द झाली, हे विचारलेलं असतं. मधला एक क्रमांक गायब दिसला तर उद्या त्याचं उत्तर द्यावं लागतं. ई-इन्व्हॉइस काढणाऱ्यांना, म्हणजे ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली आहे अशांना, पोर्टलवर रद्द करण्यासाठी २४ तासच मिळतात. ते उलटले की तिथे काही बदलता येत नाही.

पण समजा चूक सापडली २५ सप्टेंबरला. ऑगस्टचं जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ सप्टेंबरला संपली आणि ११८ हे बिल ६०,१८० रुपयांनीच त्यात गेलं. तिकडे ग्राहकाच्या पोर्टलवर ९,१८० रुपयांचं कर-क्रेडिट दिसू लागलं, कदाचित त्याने ते घेतलंही. आता ११८ला हात लावायचा नाही. ते जसंच्या तसं राहू द्यायचं आणि फक्त फरकाची क्रेडिट नोट काढायची: मूळ रक्कम ६,००० रुपये, केंद्राचा कर ५४०, राज्याचा कर ५४०, एकूण ७,०८०. तिला स्वतःचा वेगळा क्रमांक आणि तारीख हवी, आणि तिच्यावर ११८ हा क्रमांक व २८ ऑगस्ट ही तारीख ठळकपणे हवी. ही साखळी तुटली की ती नोट कशाची, हे कुणालाच सांगता येत नाही.

पूर्ण बिलाची क्रेडिट नोट काढून नवं बिल देण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी दिसते. दराच्या चुकीसाठी ती विनाकारण लांबण लावते. ६०,१८० वजा, मग ५३,१०० जमा, अशा दोन मोठ्या नोंदी दोन्हीकडच्या वह्यांत येतात. बिल मुळात भलत्याच पार्टीच्या नावाने निघालं असेल तेव्हा ती ठीक. जीएसटी क्रमांक टाइप करताना एखादं अक्षर चुकलं असेल आणि रक्कम बरोबर असेल, तर क्रेडिट नोटेची गरजच नसते. पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये जुन्या बिलाच्या दुरुस्तीचा तक्ता असतो, तिथे तो क्रमांक बदलता येतो. तोपर्यंत ग्राहकाला क्रेडिट दिसत नाही, म्हणून त्याचा फोन येण्याआधीच त्याला कळवलेलं बरं.

क्रेडिट नोट पाठवण्याआधी ग्राहकाशी बोलणं शिष्टाचारापुरतं नाही. बिल काढणाऱ्याला आपला कर १,०८० रुपयांनी कमी करायचा असेल, तर ग्राहकाने तेवढं क्रेडिट मागे घ्यावं लागतं. पोर्टलवर त्याला क्रेडिट नोट नाकारण्याचीही सोय आहे. त्याने ती न ओळखता नाकारली, तर तो कर पुन्हा बिल काढणाऱ्याच्या माथी येतो.

म्हणून सोबतचा ईमेल नेमका हवा, आणि तो व्यवस्थापकाबरोबर अकाउंट्सलाही जायला हवा. एवढा मजकूर पुरेसा आहे: “बिल क्र. ११८, दि. २८ ऑगस्ट. दर ७५० ऐवजी चुकून ८५० लागला. मूळ बिल कायम आहे. फरकाची क्रेडिट नोट क्र. ७, रु. ७,०८० सोबत जोडली आहे. टीडीएसपूर्वी देय रक्कम रु. ५३,१००. नवीन बिल पाठवत नाही.” शेवटचं वाक्य आवर्जून लिहावं. त्यामुळे दुसऱ्या बिलाची वाट पाहत कुणी बसत नाही. बिल रद्द करून ११९ काढलं असेल, तर “११८ रद्द, ते पास करू नये, त्याऐवजी ११९ घ्यावं” असं लिहावं.

टीडीएसचा उल्लेख का, तर तो जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर कापला जातो. एक टक्का कापला जात असेल, तर ५१,००० वर ५१० आणि ४५,००० वर ४५० रुपये. बँकेत ५२,६५० जमा झाले तर हिशेब जुळला. ५२,५९० आले तर अकाउंट्सने टीडीएस जुन्याच रकमेवर कापला, हे लगेच ओळखता येतं. ग्राहकाने आधीच पूर्ण पैसे दिले असतील, तर ७,०८० परत करणार की पुढच्या बिलात वळते करणार, तेही त्याच ईमेलमध्ये लिहायचं.

जीएसटी नोंदणी नसलेल्यांना यातलं पोर्टलचं काहीच लागू नाही. तरी त्यांनीही दुरुस्त बिलाला नवा क्रमांक द्यावा आणि ‘११८ च्या बदली’ असं त्यावर लिहावं, कारण दोन सारख्या क्रमांकांनी अडणारा अकाउंटंट तिथेही तोच असतो.

बिल कमी रकमेचं गेलं असेल तर डेबिट नोटेची वाट हीच आहे, फक्त जास्त पैसे मागायचे असल्याने तिच्यासोबत ठरलेल्या दराचं कोटेशन किंवा परचेस ऑर्डर जोडावी.

क्रेडिट नोटेला मुदत आहे. २०२५-२६ मधल्या बिलाची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच विवरणपत्रात दाखवता येते. त्यानंतर ग्राहकाला पैसे परत करता येतात, पण सरकारकडे जास्तीचा गेलेला कर त्या नोटेवर कमी करता येत नाही.