ओल्या मातीत कोरडा आकडा

आमच्या विभागाचं प्रकल्प-प्रदर्शन शनिवारी होतं आणि गुरुवारी सकाळी आमच्या खोलीत चिखल झाला होता. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीतून पाणी टेबलावर आलं होतं, टेबलावरून खाली बार्शीच्या गादीपर्यंत पोचलं होतं. आकुर्डीच्या आमच्या हॉस्टेलमध्ये नावाऐवजी गावानं हाक मारायची पद्धत आहे. तो बार्शी, मी चाळीसगाव. पाच लिटरचा कॅन रिकामा झाला होता आणि त्यात बुडवून ठेवलेला, कुंडीला आपोआप पाणी देणारा आमच्या प्रकल्पाचा छोटा पंप दर दहा मिनिटांनी कोरडाच घरघरत होता.

"रिले चिकटला असणार," बार्शी गादी उचलत म्हणाला.

मला ते पटत नव्हतं. हा 5 व्होल्टचा पंप तासाला 100 लिटरच्या आसपास पाणी फेकतो. रिले चिकटून पंप सलग चालला असता तर कॅन तीन-चार मिनिटांतच रिकामा झाला असता. रात्री अर्धवट झोपेत मला मात्र थोड्या थोड्या वेळानं रिलेची टिक-टिक ऐकू आली होती. आमचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी मातीचा ओलावा बघायचा आणि माती कोरडी वाटली तर पंप चार सेकंद चालवायचा. चार सेकंदांत साधारण 100 मिलिलिटर पाणी पडतं. म्हणजे पाच लिटर संपायला 50 खेपा, सव्वाआठ तास. आम्ही झोपलो साडेदहाला आणि उठलो सातला. हिशोब जुळत होता. पंप आणि रिले सांगितलेलं काम नेमकं करत होते, फक्त रात्रभर त्यांना कुणीतरी "तहान लागलीय" असं सांगत होतं.

लॅपटॉप जोडून Serial Monitor उघडला. कुंडीत बोट घातलं तर चिखल, आणि आकडा 930. या सेन्सरचा आकडा 0 ते 1023 मध्ये असतो, माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. आमची सीमा 700 होती, त्याच्या वर गेला की पाणी. सेन्सर उपसून पाण्याच्या ग्लासात धरला, तरी 860. मग बार्शीनं सेन्सरच्या टोकाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं एकमेकींना टेकवल्या. आकडा झटकन शून्यापाशी आला. म्हणजे वायरी ठीक, मॉड्यूल ठीक, बोर्डही ठीक. बिघाड मातीत खुपसलेल्या दोन पायांतच होता.

पाय पुसून उजेडात धरले. एक जवळपास नव्यासारखा होता. दुसरा काळा पडला होता, काठाला हिरवट झाक होती आणि मधलं तांबं जाऊन खालचा फायबरचा पिवळट पत्रा उघडा पडला होता. दोन्ही पाय एकाच मातीत, एकाच पाण्यात होते. तरी एकच कुजला.

हा सेन्सर मातीचा विद्युतरोध मोजतो. एका पायातून बारीक प्रवाह सोडायचा आणि तो ओल्या मातीतून दुसऱ्या पायापर्यंत किती सहज जातो ते बघायचं. प्रवाह अर्ध्या मिलिअँपियरपेक्षाही कमी असतो, पण तो सतत एकाच दिशेनं वाहिला की धन बाजूच्या पायाचं तांबं विरघळून मातीत जातं. अकरावीच्या प्रयोगशाळेतलं विद्युत अपघटनच ते. त्यात कुंडीला खत घातलेलं असेल तर क्षारांमुळे काम आणखी लवकर होतं. बाजारात मिळणारी जोडणीची आकृती सेन्सरला चोवीस तास 5 व्होल्ट द्यायला सांगते. खरं तर बोर्डाच्या एखाद्या पिनवरून फक्त वाचनापुरती वीज दिली तर हाच सेन्सर कितीतरी जास्त टिकतो.

खरी मेख पुढे आहे. तांबं गेलं की रोध वाढतो आणि रोध वाढला की आकडा वाढतो. वायर तुटली तरी आकडा थेट 1023. म्हणजे हा सेन्सर मरतो तेव्हा "मी मेलो" असं सांगत नाही, "माती कोरडी आहे" असं सांगतो.

मेसमध्ये आमच्या पंगतीला जेवणारे एक दादा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. त्यांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून दुपारी त्यांना गाठलं.

"दादा, सेन्सर बदलला की झालं ना?"

"आणि तोही गेला तर?" त्यांनी ताटातली भाकरी मोडता मोडता विचारलं. "आमच्याकडे टाकीची पातळी 4 ते 20 मिलिअँपियरमध्ये येते. टाकी रिकामी म्हणजे 4, भरलेली म्हणजे 20. शून्य आला की समजायचं, वायर तुटली. तुमच्याकडं रिकामी टाकी आणि तुटलेली वायर सारखीच दिसते. ते आधी वेगळं करा. आणि काही झालं तरी दिवसाला अमुकच पाणी, ही मर्यादा सेन्सरला न विचारता घाला."

संध्याकाळी बार्शी मेट्रोनं कसबा पेठेत उतरला आणि पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून कपॅसिटिव्ह सेन्सर घेऊन आला. यात तांबं रंगाच्या थराखाली झाकलेलं असतं, मातीतून प्रवाह जात नाही, म्हणून ते कुजत नाही. पट्टीच्या कापलेल्या कडा आणि वरचा इलेक्ट्रॉनिक भाग मात्र उघडा असतो. तिथं नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि पट्टी खुणेच्या रेघेपर्यंतच मातीत घातली.

सेन्सर बसवला आणि पंप मुळीच चालेना! कोरडी माती आणून घातली तरी ढिम्म. कारण साधं होतं. नवा सेन्सर कोरड्या हवेत 590 दाखवत होता आणि पाण्याच्या ग्लासात 280. जुनी 700 ची सीमा तो कधीच ओलांडणार नव्हता. तुळस आता बुडण्याऐवजी वाळली असती. या सेन्सरांचे आकडे नगागणिक बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या प्रकल्पातली सीमा उचलून चालत नाही. हवा आणि पाणी, दोन्ही स्वतः मोजून मधला आकडा धरावा लागतो. आम्ही 450 धरला.

सिग्नलची वायर तुटली तर आकडा शून्याजवळ पडावा म्हणून A0 आणि ग्राउंडमध्ये 1 मेगाओहमचा रोधक टाकला. हवा आणि पाण्याचे आकडे त्यानंतर पुन्हा तपासून घेतले. प्रोग्रामचा गाभा एवढाच राहिला:

```
int v = analogRead(A0);
bool ok = (v > 200 && v < 650);
if (ok && v > 450 && doses < 3) {
  digitalWrite(RELAY, LOW);   // पंप चालू
  delay(4000);
  digitalWrite(RELAY, HIGH);  // पंप बंद
  doses++;
}
```

200 च्या खाली किंवा 650 च्या वर आकडा गेला की तो मातीचा नव्हेच, पंप बंद आणि लाल दिवा चालू. तीन खेपा झाल्या की त्या दिवसाचं पाणी संपलं, पुन्हा लाल दिवा. एक भोक राहिलंच. वीज जाऊन आली की बोर्ड नव्यानं सुरू होतो आणि खेपांची मोजणी पुन्हा शून्यापासून लागते. मोजणी EEPROM मध्ये साठवली तर तेही बुजतं, पण शुक्रवारची रात्र फलक रंगवण्यात गेली.

शनिवारी दोन खेपांमधलं अंतर तीस सेकंदांवर आणून ठेवलं होतं, कारण परीक्षक दहा मिनिटं कुणाच्या टेबलापाशी थांबत नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सेन्सरची वायर ओढून काढली. लाल दिवा लागला. त्यांनी वायर परत जोडली आणि या वेळी पट्टीच मातीतून उपसून हवेत धरली.

हे दादांनीही सांगितलं नव्हतं. हवेतला आकडा 590, तो आमच्या हद्दीतच येतो. पंप चालला. पुन्हा चालला. बार्शी कुंडीकडे बघत उभा. तिसऱ्या खेपेनंतर पंप थांबला आणि लाल दिवा लागला. सेन्सर फसला होता, मर्यादा फसली नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला.

दिवाळीत गावी जाताना कुणी घरी अशी जोडणी करून ठेवणार असेल, तर प्रोग्रामच्या भरवशावर भरलेली बादली ठेवू नका. सगळं पाणी एकदम कुंडीत गेलं तरी झाड जगेल, एवढंच पाणी त्यात ठेवा.